बीटा आणि अपेक्षित परतावा

बीटा हा एखाद्या शेअरचा परतावा संपूर्ण बाजाराच्या परताव्याबरोबर किती हलतो हे सांगणारा गुणांक आहे. विल्यम शार्प यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या ‘कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेल’ म्हणजे सीएपीएममध्ये, त्या शेअरकडून गुंतवणूकदाराने किमान किती परतावा मागावा हे या एका गुणांकावर ठरते. शेअर आणि बाजार यांच्या परताव्यांच्या सहप्रचरणाला (कोव्हेरियन्स) बाजाराच्या परताव्याच्या प्रचरणाने (व्हेरियन्स) भागले की बीटा मिळतो:

```
β = Cov(Rs, Rm) / Var(Rm)
```

सांगली जिल्ह्यात साखर कारखाना असलेली, शेअर बाजारात नोंदलेली एक काल्पनिक खासगी कंपनी घेऊ. सलग पाच महिन्यांत बाजाराच्या निर्देशांकाचा परतावा ३, −२, ४, −१ आणि १ टक्के, तर कंपनीच्या शेअरचा ५, −३, ६, −१ आणि ३ टक्के होता असे समजू. बाजाराची सरासरी १ आणि शेअरची २ येते. सरासरी वजा केल्यावर बाजाराची विचलने २, −३, ३, −२, ० आणि शेअरची ३, −५, ४, −३, १ उरतात. महिनावार गुणाकार ६, १५, १२, ६ आणि ० असून त्यांची बेरीज ३९ होते, तर बाजाराच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज २६ होते. दोन्ही बेरजांना चाराने, म्हणजे निरीक्षणांच्या संख्येपेक्षा एकाने कमी असलेल्या संख्येने, भागले की सहप्रचरण ९.७५ आणि प्रचरण ६.५ येते, आणि बीटा १.५ ठरतो.

यातला पाचवा महिना थांबून पाहण्यासारखा आहे. त्या महिन्यात शेअर स्वतःच्या सरासरीपेक्षा वर गेला, पण बाजार नेमका सरासरीवर असल्यामुळे गुणाकार शून्य झाला आणि त्या हालचालीची बीटात नोंदच झाली नाही. कृष्णेला पूर येऊन कारखान्याच्या भागातला ऊस पाण्याखाली गेला आणि शेअर पडला, पण देशाचा निर्देशांक जागचा हलला नाही, तर ते नुकसान खरे असूनही बीटाच्या हिशेबाबाहेर राहते. ज्याच्याकडे वेगवेगळ्या उद्योगांचे शेअर आहेत त्याच्या एकूण गुंतवणुकीत असे स्थानिक धक्के एकमेकांत विरून जातात, म्हणून त्यांच्यासाठी जादा परतावा मिळत नाही, असे हे प्रतिमान धरते. सगळी पुंजी याच एका शेअरमध्ये घातलेल्या सांगलीकराला ते लागू पडत नाही, हे अभ्यासक्रमात बहुधा घाईने उरकले जाते.

अपेक्षित परतावा सिक्युरिटी मार्केट लाइनवरून, म्हणजे रोखे बाजार रेषेवरून काढतात:

```
E(Rs) = Rf + β × (Rm − Rf)
```

इथे Rf म्हणजे जोखीमरहित परतावा. तो सरकारी रोख्यांवर वर्षाला ७ टक्के आणि बाजाराकडून १२ टक्के अपेक्षित असतील, तर बाजारातील जोखमीचा मोबदला ५ टक्के होतो आणि या शेअरसाठी ७ अधिक १.५ गुणिले ५, म्हणजे १४.५ टक्के परतावा लागतो. कंसातील वजाबाकी विसरून बीटाला थेट १२ ने गुणणारा २५ टक्क्यांवर पोहोचतो. शेअर आज २०० रुपयांना असून वर्षभरात ६ रुपये लाभांश आणि २२० रुपये भाव अपेक्षित असेल, तर परतावा १३ टक्केच पडतो. बीटा १.५ आणि परतावा १३ टक्के हा बिंदू रेषेच्या खाली येतो, म्हणजे शेअर महाग आहे. १४.५ टक्के मिळण्यासाठी तो सुमारे १९७ रुपये ३८ पैशांना मिळायला हवा.

एक्सेलमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे अंशात `COVARIANCE.P` आणि छेदात `VAR.S` घेणे. वरच्या आकड्यांत त्यामुळे ३९ ला पाचाने आणि २६ ला चाराने भागले जाते, बीटा १.२ आणि अपेक्षित परतावा १३ टक्क्यांवर येतो, आणि महाग शेअर रास्त भावाचा वाटू लागतो. साठ महिन्यांच्या आकड्यांत हा फरक जेमतेम पावणेदोन टक्के उरतो, म्हणून तो सहज नजरेतून सुटतो. पडताळणी सोपी आहे: `SLOPE` मध्ये आधी शेअरचा आणि नंतर बाजाराचा स्तंभ दिला की तोच बीटा यायला हवा. परताव्यांऐवजी भावच सूत्रात घातले तर मात्र आलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो.

पाच महिने अर्थातच केवळ रीत दाखवण्यापुरते आहेत. साठ महिन्यांचे आकडे घेऊन बीटा १.५ आला आणि शेअरच्या चढउतारातला चौथा हिस्सा बाजारामुळे असला, तर बीटाची प्रमाण त्रुटी ०.३४ च्या आसपास येते. म्हणजे खरा बीटा साधारण ०.८ ते २.२ मध्ये कुठेही असू शकतो आणि अपेक्षित परतावा ११ ते १८ टक्क्यांमध्ये. क्वचित व्यवहार होणाऱ्या लहान शेअरचा भाव बाजारामागून उशिरा हलतो, त्यामुळे दैनिक आकड्यांवरून काढलेला त्याचा बीटा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

सांगली-साताऱ्याकडे शेतकऱ्यांकडे सहकारी साखर कारखान्याचा जो शेअर असतो, त्याचा बीटा या रीतीने निघत नाही, कारण त्याची शेअर बाजारात खरेदी-विक्री होत नाही आणि परताव्यांची मालिकाच उपलब्ध नसते. अशा वेळी नोंदलेल्या साखर कंपन्यांचा बीटा उसना घेतात, पण त्याआधी त्या कंपन्यांच्या कर्जाचा परिणाम त्यातून काढून कारखान्याच्या कर्जाच्या प्रमाणात तो पुन्हा मिळवावा लागतो.