तरलता (रोखता)

एखादी मालमत्ता किती लवकर आणि किती कमी तोट्यात रोख पैशात बदलता येते, याचे माप म्हणजे तरलता. तोट्याची अट महत्त्वाची आहे, कारण भाव पुरेसा पाडला तर बहुतेक गोष्टी उद्याच विकल्या जातात.

खानदेशात हे सर्वांत स्पष्ट दिसते ते वावराच्या बाबतीत. समजा, यावल तालुक्यात एकाचे तीन एकर केळीचे बागायती वावर आहे आणि चालू भाव एकरी 20 लाख आहे. कागदावर आसामी 60 लाखांची. घरातला माणूस जळगावच्या दवाखान्यात दाखल होतो आणि तीन दिवसांत चार लाख भरायचे असतात. सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज, हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे, तो फेडल्याचा दाखला हवा. सुरतेला दिलेली बहीणही हिस्सेदार असल्याने तिची सही लागते. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते, त्यामुळे गिऱ्हाईक मुळातच थोडे. इसारपावतीवर मिळतो तो बयाणा, उरलेली रक्कम खरेदीखताच्या दिवशी.

अशा वेळी बांधाशेजारचा शेतकरी म्हणतो, “कागद मागाहून करू, एका एकराचे 14 लाख देतो, चार आजच घे.” गरज चार लाखांची, पण घाईपायी सहा लाख जातात. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तो असा.

दुसरा मार्ग सावकाराचा. कर्ज उसने, पण कागद खरेदीखताचा, ‘पैसे फेडले की जमीन परत’ या तोंडी बोलीवर. ती बोली पुष्कळदा पाळली जात नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात, अवैध सावकारीतून 15 वर्षांच्या आत गेलेली जमीन चौकशीअंती परत देण्याची तरतूद आहे. मात्र ही चौकशीही वेळखाऊ असते.

त्याच घरात आठ तोळे सोने असते तर जळगावच्या सराफाकडे त्याच दिवशी मोड झाली असती. घडणावळ आणि घट गेली असती, तेवढेच. तारण ठेवले असते तर दागिनाही राहिला असता. घरात साठवलेला कापूस खेडा खरेदीवाला दारातून नेतो, म्हणून तोही बऱ्यापैकी तरल. झाडावर पिकायला आलेले केळीचे घड मात्र थांबत नाहीत. ते विकावेच लागतात, मिळेल त्या भावाने.

तरलता वेळेनुसारही बदलते. दुष्काळात सारा गाव एकदमच विकायला निघतो, आणि घेणारे शेजारीही त्याच अडचणीत असतात. चारा संपला की बैलजोड्यांचे भाव बाजारात आधी कोसळतात. वावराला तर कोणी भावच विचारत नाही.