फोटो उलटा केला तर चालतं, मग वाक्यातला एक शब्द उडवला तर का नाही?

डेटा ऑगमेंटेशन म्हटलं की बरेच जण फोटो आणि मजकूर एकाच चष्म्यातून बघतात, म्हणजे आहे त्या डेटात थोडा फेरफार करायचा, लेबल, म्हणजे त्याचं ठरलेलं उत्तर, तेच ठेवायचं आणि डेटा वाढला म्हणून खूश व्हायचं. गोची त्या "लेबल तेच" मध्ये आहे, कारण ते तेच राहतं का हे मॉडेलला काय ओळखायला सांगितलंय त्यावर ठरतं, फेरफार किती छोटा दिसतो त्यावर नाही.

समजा ठाण्यातल्या सोसायट्यांच्या तक्रारींवर काम करायचंय. लोक घोडबंदर रोडवरच्या खड्ड्याचा फोटो टाकतात, आणि मेसेज लिहितात की पाणी आलं नाही.

खड्ड्याचा फोटो आरशासारखा उलटा केला तरी खड्डा तो खड्डाच, त्यामुळे इथे फ्लिप बिनधास्त वापरा. पण तोच फ्लिप बसच्या पाटीवरचे देवनागरी आकडे ओळखायच्या कामात लावलात तर ३ आरशात बघा, जवळजवळ ६ दिसतो, आणि लेबल मात्र ३ च राहिलंय. फोटोंवर काम करणाऱ्या torchvision या पायथन लायब्ररीचा RandomHorizontalFlip काही न सांगता लावला की निम्म्या वेळा फ्लिप करतो, म्हणजे मॉडेलला अर्धे ३ उलटे दाखवून वर "हा ३ आहे" असं आपणच शिकवतोय. फोटोचा तुकडा कापून घेणाऱ्या RandomResizedCrop चं तर अजून भारी, त्याची डिफॉल्ट मर्यादा फोटोच्या फक्त ८ टक्के भागापर्यंत खाली जाते, मग ३६ नंबरच्या पाटीतून नुसता ३ उरला तरी त्याला काही पडलेली नसते. आकड्यांसाठी एवढं पुरे, इथे T म्हणजे torchvision.transforms:

```
T.RandomAffine(degrees=8, translate=(0.05, 0.05))
T.ColorJitter(brightness=0.3)
```

थोडं तिरकं, थोडं सरकलेलं, कमीजास्त उजेडातलं, म्हणजे बसच्या पाटीचा मोबाईलने काढलेला फोटो जसा येतो तसंच.

आता मजकूर. इथे लोक फोटोची सवय तशीच उचलून आणतात, म्हणजे फोटोतले चार पिक्सेल गेले तर काय बिघडतं, मग एखादा शब्द गेला तर काय बिघडणार? २०१९ मध्ये ईडीए नावाची पद्धत आली, त्यात समानार्थी शब्द बदलणं, शब्द घुसवणं, अदलाबदल आणि शब्द उडवणं असे चार प्रकार आहेत, पण ते प्रयोग इंग्रजीवरचे. "दोन दिवसांपासून पाणी येत नाही" हे वाक्य घ्या, लेबल "पाणी बंद". प्रत्येक शब्द १० टक्के शक्यतेने उडवायचा आणि वाक्याच्या चार कॉप्या काढायच्या. चारही कॉप्यांत "नाही" टिकायची शक्यता ०.९ चा चौथा घात, म्हणजे साधारण ६६ टक्के. उरलेल्या ३४ टक्के वेळा निदान एका कॉपीतून "नाही" उडतं, "पाणी येत" असलं काहीतरी राहतं आणि लेबल म्हणतंय पाणी बंद! फोटोत असा एखादाच पिक्सेल नसतो ज्याच्यावर सगळं लेबल टांगलेलं असतं, वाक्यात बऱ्याचदा असतो.

अदलाबदलीचंही तेच. मराठीत शब्द मागेपुढे केले तरी अर्थ लागतो हे खरं, पण "पाणी आलं नाही, लाईट आली" मधला "नाही" पुढे सरकून "पाणी आलं, लाईट आली नाही" झालं की तक्रार दुसऱ्याच खात्याची झाली.

समानार्थी शब्दांत लेबल सहसा टिकतं, पण वेगळीच गंमत होते. आयआयटी मुंबईच्या मराठी वर्डनेटसारख्या ठिकाणाहून "पाणी" ला "नीर", "उदक" असले शब्द आणले तर लेबल बरोबर, पण कळव्यात कोण लिहितं हो "आमच्या विंगला उदक आलं नाही"? त्यापेक्षा लोक खरंच लिहितात ते फरक घ्या, "नाही" चं "नाय", "नाहीये", "पाणी" चं "पानी", ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ. आणि नाही, नको, बंद, सुरू, विंगचं नाव, मजल्याचा नंबर यांची यादी करून त्यांना उडवायचं किंवा हलवायचं नाही असं कोडमध्येच बांधून टाका.

खात्री कशी करायची? फेरफार केलेले शंभरेक नमुने काढा, लेबल लपवा आणि ज्याने मूळ डेटा पाहिला नाही अशा माणसाला नव्याने लेबल लावायला द्या. मूळ नमुन्यांवर माणसं जितकी चुकतात त्याहून जास्त फरक आला तर प्रत्येक फेरफार वेगळा काढून बघा, गुन्हेगार लगेच सापडतो. ट्रेनिंगनंतर कन्फ्यूजन मॅट्रिक्समध्ये, म्हणजे मॉडेलने कुठला आकडा कुठला समजला त्या तक्त्यात, फक्त ३ आणि ६ मधलीच चूक वाढली असेल तर आधी फ्लिपकडे बोट दाखवा. आणि हे सगळं ट्रेन-टेस्ट, म्हणजे शिकवायचा आणि तपासायचा डेटा, वेगळं केल्यावरच, फक्त ट्रेनच्या बाजूला, नाहीतर एकाच तक्रारीच्या कॉप्या दोन्हीकडे जातात आणि स्कोअर उगाच झकास दिसतो.