पृथ्वीप्रदक्षिणा किती दिवसांत? ४०,००० किलोमीटरच्या भागाकाराची पार्श्वभूमी

गणपतीने आईवडिलांभोवती फेरी मारून पृथ्वीप्रदक्षिणा उरकली. कार्तिकेयाला मात्र सगळा परीघ फिरावा लागला. विषुववृत्तावर हा परीघ ४०,०७५ किलोमीटर भरतो आणि दोन्ही ध्रुवांवरून मोजला तर ४०,००८. मग शाळेतल्यासारखा भागाकार करायचा. ताशी ५ किलोमीटरने चालत गेले तर ८०१५ तास, म्हणजे न थांबता ३३४ दिवस. महामार्गावर ताशी १०० ने गेले तर जवळपास १७ दिवस. जेट विमानाने ताशी ९०० ने गेले तर साडेचव्वेचाळीस तास.

या तिन्ही उत्तरांपैकी एकच प्रत्यक्षात जवळपास खरे ठरले आहे, आणि ते विमानाचे. बाकी दोन का चुकतात, हे कळायला आधी भागाकारातला वरचा आकडा कुठून आला ते पाहू.

४०,००० हा इतका गोल आकडा योगायोगाने आलेला नाही. किलोमीटरच पृथ्वीवरून बेतला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ठरले की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. त्यासाठी डलांब्र आणि मेशँ या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ ते १७९८ अशी सहा वर्षे डंकर्क ते बार्सिलोना हा पट्टा त्रिकोणांची साखळी जोडत मोजला. ध्रुव ते विषुववृत्त हा पाव परीघ १०,००० किलोमीटर, म्हणून पूर्ण फेरी ४०,००० किलोमीटर. वरचे ८ किलोमीटर उरतात, कारण ध्रुवांकडे पृथ्वी किती चपटी आहे याचा अंदाज तेव्हा थोडा चुकला आणि मीटर सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला. विषुववृत्ताचा घेर ध्रुवांवरच्या घेरापेक्षा मोठा असतो, तोही याच चपटेपणामुळे.

पहिली अडचण ‘एक फेरी’ या शब्दातच आहे. ध्रुवावर उभे राहून स्वतःभोवती गिरकी घेतली तरी सगळी रेखावृत्ते ओलांडली जातात. मुंबईच्या अक्षांशावरून सरळ पूर्वेला गेलात तर फेरी सुमारे ३७,९०० किलोमीटरची होते, म्हणजे विषुववृत्तापेक्षा दोन हजारांहून अधिक किलोमीटर वाचतात. असली पळवाट राहू नये म्हणून हवाई विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने किमान अंतर बांधून दिले: कर्कवृत्ताच्या लांबीइतके, ३६,७८७.५५९ किलोमीटर. शिवाय सर्व रेखावृत्ते ओलांडायची आणि निघालो तिथेच परत उतरायचे. पुढे कोणताही विक्रम वाचताना आधी हे अंतर बघावे, तास नंतर.

आता चालण्याकडे वळू. ३३४ दिवसांत झोप, जेवण, पाऊस काहीच धरलेले नाही. रोज ८ तास चालायचे ठरवले तर १००२ दिवस लागतात, म्हणजे पावणेतीन वर्षे. कागदावर हे जमण्यासारखे वाटते. प्रत्यक्ष नोंद पाहिली की चित्र बदलते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले डेव्ह कुन्स्ट २० जून १९७० रोजी वासीका गावातून निघाले आणि ५ ऑक्टोबर १९७४ रोजी तिथेच पोहोचले. मधले समुद्र त्यांनी अर्थातच चालत ओलांडले नाहीत. पायाखालून गेलेले अंतर सुमारे २३,२५० किलोमीटर होते, आणि त्याला लागले १५६८ दिवस. रोजची सरासरी पडली जेमतेम १५ किलोमीटर.

पंधरा किलोमीटर म्हणजे तासाला ५ च्या वेगाने तीन तासांचे चालणे. यात आळस नव्हता. १९७२ मध्ये अफगाणिस्तानात दरोडेखोरांनी गोळीबार केला, त्यात त्यांचा भाऊ जॉन ठार झाला आणि ते स्वतः जखमी झाले. काही महिन्यांनी दुसऱ्या भावाला घेऊन ते त्याच जागेवरून पुन्हा चालू लागले. सोव्हिएत संघाने आत येऊ दिले नाही, त्यामुळे भारतातून पुढे सरळ जाता आले नाही आणि वाट ऑस्ट्रेलियाकडे वळवावी लागली. वारीचा हिशेब लावून पाहा: आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, अठरा-एकोणीस दिवस, म्हणजे रोजचे तेरा-चौदा. मुक्काम धरून लांब पल्ल्याला माणसाचा पाय साधारण एवढेच देतो, मग दिवेघाटाच्या दिवशी तीस किलोमीटर का होईनात. या दराने पूर्ण ४०,०७५ किलोमीटर चालायला सात वर्षांहून अधिक लागतील.

कुन्स्ट यांच्या प्रवासात बुटांचे २१ जोड लागले. म्हणजे एका जोडाला सुमारे ११०० किलोमीटर. विषुववृत्ताएवढे चालायचे तर ३६-३७ जोड लागतील. हा आकडा कामाचा आहे, कारण बूट फाटण्याआधी त्याचा तळवा दबतो. वरून बूट धड दिसतो, पण टाच एका बाजूला झिजलेली असते, आणि याची पहिली खबर बुटाकडे पाहून नव्हे तर गुडघ्यातून मिळते.

गाडीच्या बाबतीत भागाकार आणखी फसवतो. ताशी १०० ने १७ दिवस हे उत्तर सलग रस्ता असेल तरच खरे, आणि पृथ्वीभोवती सलग रस्ता नाही. इथे आपल्याकडचाच एक दाखला आहे. कोलकात्याचे सलू चौधरी आणि त्यांच्या पत्नी नीना यांनी ९ सप्टेंबर १९८९ रोजी दिल्लीहून हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा क्लासिक काढली आणि १७ नोव्हेंबरला दिल्लीतच आणली. सहा खंड, विषुववृत्ताच्या लांबीपेक्षा जास्त ड्रायव्हिंग, वेळ ६९ दिवस १९ तास ५ मिनिटे. त्या वेळच्या नियमांनुसार गिनीजने हा विक्रम नोंदवला.

हिशेब मांडू. हे झाले १६७५ तास. ४०,०७५ ला १६७५ ने भागले की ताशी २४ किलोमीटर येतात. रोजचे ५७४ किलोमीटर. रस्त्यावरचा वेग ताशी ८० धरला तर रोज सव्वासात तास चाक फिरत होते. उरलेल्या पावणेसतरा तासांत झोप तर आलीच, पण मोठा वाटा न चालण्याचा: एका खंडातून दुसऱ्यात गाडी नेणे, ती बंदरातून किंवा मालवाहू विमानतळावरून सोडवणे आणि सीमेवरचे कागद. परदेशात तात्पुरती गाडी नेताना ‘कार्ने’ नावाची पुस्तिका लागते. तिच्यावर इंजिन आणि चासीचा नंबर असतो आणि प्रत्येक देशात शिरताना एक, बाहेर पडताना दुसरा शिक्का घ्यावा लागतो. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर गाडी त्या देशात विकली असे धरून जकात मागितली जाते आणि ठेवलेली हमी अडकते. त्यामुळे घाईत सुद्धा शेवटच्या खिडकीवर उभे राहून शिक्क्याची तारीख वाचून घ्यावीच लागते. गाडीचा वेग ८० वरून १०० वर नेला तर दिवसाकाठी दीड तासाच्या आसपास वाचेल. एका बंदरात चार दिवस अडकलात की ते सगळे वाचवलेले तास एकदम परत जातात.

याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १४ नोव्हेंबर १८८९ रोजी, अमेरिकन पत्रकार नेली ब्लाय न्यूयॉर्कहून निघाल्या आणि आगबोट आणि रेल्वे बदलत ७२ दिवस ६ तास ११ मिनिटांत परतल्या. अंतर तेवढेच धरले तर ताशी २३ किलोमीटर. म्हणजे वाफेच्या काळातली फेरी आणि पेट्रोलवरची फेरी यांत अडीच दिवसांचा फरक! ब्लाय यांच्या वाटेवरचे दोन दुवे १८६९ चे होते: सुवेझ कालवा आणि अमेरिका ओलांडणारा लोहमार्ग. आपल्याकडे १८७० मध्ये मुंबई आणि कोलकाता जबलपूरमार्गे रेल्वेने जोडले गेले, त्यानेही त्या काळच्या फेरीचा मोठा तुकडा आखूड झाला. पण ब्लाय स्वतः कोलंबोवरून गेल्या.

जेटवर मात्र भागाकार जुळतो, आणि त्याचे श्रेय इंजिनापेक्षा टाकीला जाते. १९४९ मध्ये ‘लकी लेडी टू’ या पंख्याच्या बी-५० विमानाने न उतरता फेरी पूर्ण केली, ९४ तास १ मिनिटात. जानेवारी १९५७ मध्ये अमेरिकेच्या तीन बी-५२ जेट विमानांनी तेच ४५ तास १९ मिनिटांत केले. अंतर ३९,१४७ किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी ८६४. आपले कागदी उत्तर साडेचव्वेचाळीस होते. दोन्ही वेळा हवेतच इंधन भरले. १९५७ च्या खेपेत टँकर विमाने पंख्यांची होती, त्यामुळे जेटला दर वेळी उंची आणि वेग सोडून त्यांच्या मागे रेंगाळावे लागे. बदली म्हणून निघालेल्या दोन विमानांपैकी एकाला तर इंधन घेणे न जमल्याने कॅनडात उतरावे लागले.

त्यापुढे वेग वाढवला तर फेरी तेवढीच लहान होईल, असे वाटते. कॉन्कॉर्डने ते तपासून दिले. ताशी २१५० च्या आसपास उडणाऱ्या या विमानाला ४०,०७५ किलोमीटरसाठी पावणेएकोणीस तास पुरायला हवेत. ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्कहून पूर्वेकडे निघून तूलूझ, दुबई, बँकॉक, ग्वाम, होनोलुलू आणि अकापुल्को असे सहा थांबे घेत ते ३१ तास २७ मिनिटांत परत आले. एका टाकीत साडेसहा-सात हजार किलोमीटर, त्यामुळे थांबे टाळता येत नव्हते. प्रत्येक थांब्याला उतरणे, इंधन भरणे, पुन्हा उंची गाठणे आलेच. शिवाय ध्वनीच्या धमाक्यामुळे वस्तीवरून ते पूर्ण वेगाने उडू शकत नसे. जुलै २०१९ मध्ये एका गल्फस्ट्रीम विमानाने दोन्ही ध्रुवांवरून फेरी मारली तेव्हा ४६ तास ३९ मिनिटे लागली, १९५७ च्या बी-५२ पेक्षा तासभर जास्त. कारण तेच: हवेत इंधन नाही, तीनदा जमिनीवर उतरणे.

हे सगळे तास मोजताना एक पथ्य पाळावे लागते. सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच घड्याळावर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर लिहायचे. दिवस उजाडले किती हे मोजायचे नाही. पूर्वेकडे जाणाऱ्याला एक सूर्योदय जास्त दिसतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला एक कमी. मॅगेलनच्या मोहिमेतले ‘व्हिक्टोरिया’ जहाज पश्चिमेकडे जात परतताना ९ जुलै १५२२ रोजी केप व्हर्दे बेटांवर लागले. जहाजावरच्या रोजच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी बुधवार होता. किनाऱ्यावर गेलेल्या खलाशांना सांगण्यात आले की आज गुरुवार आहे.