१ एप्रिलपासून पगार आणि हजेरी नव्या सॉफ्टवेअरवर: माहिती कधी द्यायची, कशी भरायची

वडोदरा शहरातल्या आणि मकरपुरा जीआयडीसीतल्या ज्या कारखान्यांचा, दुकानांचा आणि शाळांचा पगार, पीएफ आणि ईएसआयचं काम आमची पेढी पाहते, त्या सर्व ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आजवर तुमच्याकडून हजेरीची एक्सेल शीट यायची, आम्ही पगारपत्रक करून परत पाठवायचो, आणि रजा, उचल, पगारवाढ या गोष्टी फोनवर किंवा चिठ्ठीवर कळायच्या. १ एप्रिलपासून हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये येईल. हजेरी तुमच्याकडचा माणूस भरेल, पगार आम्ही काढू, आणि कर्मचाऱ्याला त्याची पगारस्लिप मोबाइलवर दिसेल.

१ एप्रिल ही तारीख आम्ही विचार करून धरली आहे. इन्कम टॅक्सचं वर्ष तेव्हाच सुरू होतं, त्यामुळे मागच्या महिन्यांची कपात नव्या जागी उचलून न्यावी लागत नाही. ईएसआयचा सहा महिन्यांचा वर्गणी काळही एप्रिल ते सप्टेंबर असा तिथूनच सुरू होतो. मध्येच कधी बदल केला असता तर अर्धी माहिती जुन्या शीटमध्ये आणि अर्धी नव्यात राहिली असती, आणि पुढे वर्षभर दोन्हीकडे शोधत बसावं लागलं असतं.

या पत्रकाबरोबर एक कोरी एक्सेल शीट पाठवत आहोत. ती भरून आमच्याकडे १० फेब्रुवारीपर्यंत यायला हवी. तिच्यात प्रत्येक कर्मचाऱ्याची एक ओळ आहे, आणि त्या ओळीतल्या दोन गोष्टींवर बाकी सगळं उभं आहे: नाव आणि आकडे.

नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न बदलता

आपल्या वडोदऱ्यात नावांची एक खास अडचण आहे. घरी आणि कामावर जी सुनीता, तिच्या आधारकार्डावर गुजराती पद्धतीप्रमाणे बऱ्याचदा सुनीताबेन असते, आणि नवऱ्याच्या नावामागे भाई लागलेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येतं. बँकेच्या पासबुकात मधल्या नावाचं एकच अक्षर असतं. लग्नाआधी नोकरी केलेली असेल, तर पीएफच्या जुन्या खात्यावर माहेरचं आडनाव असतं. नमुन्यासाठी घेतलेल्या या एकाच बाईचं नाव पाहा:

```
आधार    SUNITABEN PRAKASHBHAI SHINDE
पीएफ    SUNITA PRAKASH SHINDE
बँक     SUNITA P SHINDE
```

माणसाला ही तिन्ही नावं एकाच बाईची वाटतात. पीएफची यंत्रणा मात्र यूएएनवरचं, म्हणजे कर्मचाऱ्याच्या पीएफ क्रमांकावरचं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळवून पाहते. ते जुळलं नाही तर यूएएन आधारशी जोडला जात नाही, आणि आधारशी न जोडलेल्या यूएएनचा भरणा ईसीआरमध्ये, म्हणजे पीएफच्या मासिक ऑनलाइन विवरणात जात नाही. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा व्हायचा असतो. १२ तारखेला हे लक्षात आलं तर दुरुस्तीला वेळच उरत नाही, आणि पगारातून कापलेली रक्कम तिच्या खात्यात वेळेवर पोचत नाही.

म्हणून नावाच्या रकान्यात आधारवरच्या इंग्रजी नावाची हुबेहूब नक्कल करा. बेन असेल तर बेन लिहा, भाई असेल तर भाई. आपल्या कानाला बरं वाटतं म्हणून काढू नका. आमच्याकडेही पूर्वी नावं नीट दिसावीत म्हणून असे प्रत्यय गाळून नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या एका कामगाराला घराच्या कामासाठी पीएफमधून पैसे काढायचे होते, तेव्हा आधी नाव दुरुस्त करण्यात त्याचे आठवडे गेले. ती चूक पुन्हा होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं. आधारवरचं नावच चुकलेलं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, कारण पीएफचं नाव आधारकडे पाहूनच बदलतं.

तुमची शीट आली की आम्ही ती पीएफच्या नोंदींशी ताडून पाहू आणि न जुळणाऱ्या नावांची यादी तुम्हाला १५ फेब्रुवारीला देऊ. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ किंवा त्यानंतर निघाला आहे आणि आधारशी जोडलेला आहे, ते नाव किंवा जन्मतारीख पीएफच्या पोर्टलवर स्वतः बदलू शकतात. त्याआधीच्या यूएएनसाठी मालकाच्या लॉगिनमधून मंजुरी लागते. ती विनंती आम्ही तयार करू, मंजुरीचं बटण मात्र तुम्हीच दाबायचं आहे. जुनी माणसं जास्त असलेल्या कारखान्यांनी ही यादी हातात पडताच कामाला लागावं. दुरुस्तीच्या विनंत्या २५ फेब्रुवारीपर्यंत गेलेल्या असाव्यात. काही जुन्या आधारकार्डांवर पूर्ण जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष छापलेलं आहे. असं कार्ड दिसलं तर १ जानेवारी असं मनाने भरू नका, रकाना कोरा ठेवा आणि आम्हाला कळवा.

आधारकार्डाचा फोटो किंवा झेरॉक्स व्हॉट्सअॅपवर पाठवू नये, ही विनंती. आम्हाला फक्त नाव आणि जन्मतारीख हवी आहे, आणि शीटमध्ये आधार क्रमांकाचा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही.

एक्सेल आकडे कसे खाते

खाते क्रमांकाच्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्या जास्त त्रास देतात. बँक ऑफ बडोदाचा खाते क्रमांक १४ आकडी असतो आणि काही शाखांचा शून्याने सुरू होतो. एक्सेलच्या साध्या रकान्यात तो टाइप केला की पुढचा शून्य गळतो आणि १३ आकडे उरतात. १५ पेक्षा जास्त आकड्यांचा क्रमांक असेल तर एक्सेल पंधरा आकडे ठेवतं आणि पुढच्यांचे शून्य करतं. यूएएन १२ आकडी आहे. तो `1.01235E+11` असा दिसू लागतो आणि फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर तसाच जतन होतो.

आमच्या शीटमधले हे रकाने टेक्स्ट म्हणून आधीच बांधलेले आहेत. म्हणून जुन्या शीटमधून सगळा कॉलम कॉपी करून इथे चिकटवू नका, कारण जुन्या शीटमध्ये शून्य आधीच गेलेला असू शकतो. पासबुक समोर ठेवून टाइप करा. वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याला एक दुपार पुरते. भरून झाल्यावर कॉलमवर नजर टाका. आकडे डाव्या कडेला चिकटलेले असतील तर ते टेक्स्ट आहेत, उजवीकडे सरकले असतील तर एक्सेलने त्यांना संख्या मानलं आहे आणि ती ओळ पुन्हा तपासायची.

तारखांच्या रकान्यात याच्या उलट धोका आहे. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर ५ मार्चसाठी टाइप केलेलं `05/03/1988` हे ३ मे म्हणून बसतं आणि काहीच तक्रार येत नाही. म्हणून महिना अक्षरांत लिहा, `05-Mar-1988` असा.

देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. ज्यांचा पगार त्या बँकांत जायचा त्यांच्या जुन्या कागदांवर अजून `BKDN` किंवा `VIJB` ने सुरू होणारा आयएफएससी सापडतो, तो आता चालत नाही. नवा कोड `BARB0` ने सुरू होतो. त्यातलं पाचवं चिन्ह शून्य आहे, इंग्रजी ओ नाही.

फेब्रुवारीचा पगार दोनदा काढणार

फेब्रुवारीचा पगार नेहमीसारखा जुन्या पद्धतीने होईल. तोच पगार आम्ही नव्या सॉफ्टवेअरमध्येही काढू आणि दोन्ही पत्रकं ७ मार्चपर्यंत तुमच्याकडे येतील. ती ओळीला ओळ लावून पाहा. बहुतेक फरक हिशेबाच्या सवयीतून निघतात, आणि त्या सवयी आजवर कुठे लिहिलेल्या नसतात.

उदाहरण घ्या. एका कामगाराचा महिन्याचा पगार ₹१५,६०० आहे आणि फेब्रुवारीत त्याचे दोन दिवस बिनपगारी गेले. तुमच्याकडे रोजाचा दर काढताना २६ ने भागत असतील, तर रोज ₹६०० पडतो आणि ₹१,२०० कापले जातात. सॉफ्टवेअरमध्ये महिन्याच्या दिवसांनी, म्हणजे २८ ने भागण्याची सेटिंग राहिली तर रोज ₹५५७.१४ पडतो आणि कपात ₹१,११४.२८ होते. फरक ₹८५.७२. ज्यांची एकही दांडी नाही त्यांचा पगार जुळतो आणि ज्यांची दांडी आहे त्यांचाच फक्त चुकतो, असं दिसलं की भागाकार बदलला आहे हे ओळखावं. तुमच्याकडे जी पद्धत चालत आली आहे ती आम्हाला लेखी सांगा, आम्ही तीच बसवू. जुळणी पाहून तुमची सही १४ मार्चपर्यंत आली पाहिजे.

शिल्लक रजा आणि उचलीची बाकी मात्र आधी मागत नाही, कारण ती मार्चच्या पगारानंतर बदलेल. मार्चचा पगार आणि उचलीचा हप्ता लावल्यावर जी बाकी उरेल ती ४ एप्रिलपर्यंत कळवा. उचल वहीत लिहिण्याची पद्धत असेल तर त्या पानावर कर्मचाऱ्याची सही घेऊन पानाची प्रत द्या. सुरुवातीची बाकी एकदा चुकीची बसली की दर महिन्याची कपात चुकते, आणि वाद तुमच्या दारात येतो.

प्रशिक्षण आणि मदत

मार्चच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी दुपारी ३ ते ५ आमच्या दांडिया बाजारच्या कार्यालयात प्रशिक्षण आहे. दोन्ही दिवशी विषय एकच, म्हणून कोणत्याही एका दिवशी यावं. मालकांपेक्षा रोजची हजेरी प्रत्यक्ष भरणाऱ्या माणसाला पाठवा, आणि तो रजेवर गेला तर काम अडू नये म्हणून आणखी एकाला. येताना फेब्रुवारीचा हजेरीपट आणा. सराव त्याच्यावरच होईल. मराठी, गुजराती, ज्या भाषेत सोयीचं पडेल त्या भाषेत शिकवू. ज्यांच्याकडे संगणकावर बसणारं कुणीच नाही त्यांनी तसं सांगावं, मार्चअखेरपर्यंत आमचा माणूस तुमच्याकडे येऊन मोबाइलवरून हजेरी भरायला शिकवील.

मदतीसाठी फोन तोच, तुमच्या दरमहाच्या बिलावर वर छापलेला. पगार, हजेरी आणि रजेबद्दल असेल तर पगार विभाग मागा. यूएएन, ईएसआय आणि नावदुरुस्ती भरणा विभागाकडे आहे. पासवर्ड अडला तर कुणालाही सांगा, मात्र ओटीपी आमच्या माणसालाही देऊ नका, आम्हाला तो कधीच लागत नाही. वेळ सोमवार ते शनिवार सकाळी १० ते संध्याकाळी ६.३०. एप्रिल आणि मे महिन्यांत १ ते ७ तारखांना रात्री ८ पर्यंत फोन उचलला जाईल, कारण पगाराची घाई तेव्हाच असते.

१० फेब्रुवारीला शीट अर्धीच झाली असेल तर तशीच पाठवा. मिळालेल्या ओळींची जुळणी आम्ही लगेच सुरू करू आणि राहिलेल्या ओळींसाठी तुम्हाला फोन करू.