पुस्तक घ्यावे की नाही? विकत घेण्याआधी दहा मिनिटे
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या दुकानात लोक पुस्तक उचलतात, उलटवतात, मलपृष्ठावरचा मजकूर वाचतात आणि ठरवतात. तो मजकूर पुस्तक खपावे म्हणून लिहिलेला असतो, आम्हीही तो वाचत नाही. इतिहास, आरोग्य, अर्थकारण अशा माहितीपर पुस्तकांच्या बाबतीत मनोगत, अनुक्रमणिका आणि शेवटची सूची, एवढेच बघा. लेखकाने काय कबूल केले ते मनोगतात सापडते, त्यासाठी किती पाने दिली ते अनुक्रमणिकेत, आणि कबूल केलेले खरोखर पुस्तकात आले का ते सूचीत.

उदाहरण म्हणून पानिपत घेऊ, कारण त्यावरची पुस्तके आमच्याकडे सारखी विचारली जातात. समजा, ३२० पानांचे एक पुस्तक हातात आहे आणि मुखपृष्ठावर लिहिले आहे, ‘पराभवाची खरी कारणे’.

मराठी पुस्तकात ‘प्रस्तावना’ बहुधा दुसऱ्याच मान्यवराने लिहिलेली असते. तिच्यात कौतुकच जास्त, म्हणून ती सोडा. लेखकाचे ‘मनोगत’ किंवा ‘दोन शब्द’ काढा आणि त्यात एकच गोष्ट शोधा: साधने कोणती वापरली? ‘मराठी पत्रे आणि फारसी बखरी अभ्यासून’ असे लिहिले असेल, तर फारसी मुळातून वाचले की अनुवादातून, तेही सांगितले आहे का पाहा. अनुवाद वापरणे हा काही दोष नाही, ते न सांगणे मात्र खटकते. ‘वृत्तपत्रातील सदराचे हे पुस्तकरूप’ असे वाक्य दिसले, तर चार-चार पानांचे सुटे लेख मिळतील हे धरून चाला. प्रवासात वाचायला ते छानच, पण सलग मांडणीची अपेक्षा ठेवू नका.

आता अनुक्रमणिका. प्रकरणांची नावे नंतर वाचा, आधी पानांची वजाबाकी करा. आपल्या पुस्तकात शाहूंच्या काळापासून उदगीरच्या लढाईपर्यंत पहिली १४८ पाने जातात. उत्तरेकडची कूच, दिल्ली आणि कुंजपुरा यांना ६२. पानिपतच्या तळाला १४. लढाईच्या एका दिवसाला, म्हणजे १४ जानेवारी १७६१ ला, ७६. उरलेली २० परिणामांची. दोन्ही फौजा तिथे सुमारे अडीच महिने समोरासमोर बसून होत्या आणि त्याच काळात मराठ्यांच्या तळावर उपासमार झाली. कारणे शोधणाऱ्या पुस्तकाने त्या अडीच महिन्यांना १४ पाने दिली, तर ते मुळात लढाईचे वर्णन आहे. वर्णनच हवे असेल तर खुशाल घ्या, फक्त मुखपृष्ठावर विसंबू नका.

शेवटी सूची. इथे थोडे रमायला हरकत नाही. शोधण्यासाठी मोठी नावे नकोत, भाऊसाहेब आणि अब्दाली प्रत्येक पुस्तकात असणारच. दुय्यम, पण विषयाच्या गाभ्याशी असलेली तीन-चार नावे मनात धरा: ‘रसद’, ‘गोविंदपंत बुंदेले’, ‘शुजाउद्दौला’, ‘काशीराज’. गोविंदपंतांपुढे ‘९१, २१५’ एवढेच आहे. २१५ उघडले तर डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेल्याचे एक वाक्य सापडते. अब्दालीची रसद तोडायचे काम त्यांच्याकडे होते, तरी त्यांच्या मृत्यूने तळावर काय फरक पडला याबद्दल अक्षर नाही. काशीराज हा शुजाच्या पदरी होता आणि त्याने लढाईची हकिगत फारसीत लिहून ठेवली. मनोगतात फारसी साधनांचा डंका आणि सूचीत काशीराज नाहीच, तर आम्ही पुस्तक परत फळीवर ठेवू.

मात्र नाव दिसले नाही म्हणून लगेच निकाल लावू नका. मराठी सूचीत तीच व्यक्ती कधी आडनावाखाली असते, कधी पहिल्या नावाखाली: ‘शिंदे, दत्ताजी’ किंवा ‘दत्ताजी शिंदे’. सदाशिवराव ‘स’मध्ये नसतील तर ‘भाऊसाहेब’ म्हणून ‘भ’मध्ये बघा. एका नावापुढे नुसते चाळीस पृष्ठांक ओळीने दिले असतील, तर ती सूची घाईची. ‘अब्दाली: नजीबशी संधान, यमुना ओलांडणे’ असे पोटभाग पाडलेले असतील, तर कोणीतरी पुस्तक समजून घेऊन सूची केली आहे.

बऱ्याच मराठी पुस्तकांना सूचीच नसते, हे दुखणे जुने आहे. तेव्हा प्रकरणांअखेरच्या टीपा बघा. तिथे नुसती ग्रंथांची नावे आहेत, की पृष्ठांक आणि पत्रांच्या तारखाही आहेत? तारखा असतील तर लेखक कागदांपर्यंत पोचला आहे.

भाषा कशी आहे, हे यातले काहीच सांगत नाही. त्यासाठी मधले कुठलेही एक पान सलग वाचा. पहिले पान नको, ते सगळेच घोटून लिहितात.

पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनात असेल तर काउंटरवर सांगा, आम्ही फोडून देऊ. बघून नाही घेतले तरी चालेल. खिडकीजवळ दोन खुर्च्या त्यासाठीच ठेवल्या आहेत.