तिरळेपणा आणि ‘आपोआप जाईल’

“मुलगी सात महिन्यांची आहे. डावा डोळा मधूनच नाकाकडे वळतो. सासूबाई म्हणतात, तिरळं मूल नशीबवान, मोठी झाली की होईल सरळ. थांबू का?”

थांबू नका. पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळे अधूनमधून वेगवेगळीकडे जातात, ते चालतं. समजूत बहुधा तिथूनच आली. त्यानंतर डोळा वळत असेल, तर मेंदू त्याचं चित्र सोडून देऊ लागतो. नजर मंदावते आणि मोठेपणी चष्म्यानेही नीट भरून येत नाही. लहानपणी मात्र चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावता येतं.

कधी नुसता भासही असतो. बाळाचं नाक बसकं, आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी, म्हणून बुबुळ नाकाकडे गेल्यासारखं वाटतं. फ्लॅश मारून समोरून फोटो काढा. प्रकाशाचा ठिपका दोन्ही बुबुळांत एकाच जागी दिसला, तर बहुधा भासच. तरी तपासणी चुकवू नका. तक्रार नसली तरी सहा महिने ते वर्षाच्या आत डोळे एकदा दाखवावेत, आणि तुमची मुलगी त्याच वयाची आहे.

फोटोत एक बाहुली पांढरी चमकली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते.