शेतकऱ्याची चाल, जिप्सीचं व्हायोलिन आणि बार्टोकचा शोध

योहान्नेस ब्राम्सचं पाचवं ‘हंगेरियन नृत्य’ बहुतेकांनी ऐकलेलं असतं, नाव माहीत नसलं तरी. ब्राम्सने या नृत्यांचा पहिला संच १८६९ मध्ये छापला, तेव्हा त्याने त्याला आपल्या इतर रचनांसारखा क्रमांक दिला नाही. मांडणी आपली असली तरी चाली आपल्या नाहीत, हे त्याला त्यातून सांगायचं होतं. पाचव्या नृत्याची चाल कुणा एकाची नाही, लोकांची आहे, असं तो धरून चालला होता. प्रत्यक्षात ती केलर बेला नावाच्या व्यावसायिक संगीतकाराची होती. लष्करी बँड आणि नृत्याचे वाद्यवृंद चालवणाऱ्या या माणसाने आपल्या जन्मगावाची, बार्टफाची, आठवण म्हणून एक ‘चार्दाश’, म्हणजे हंगेरियन नृत्याची चाल, रचली होती. जिप्सी वादकांनी ती उचलली, कॅफेंतून वाजवली, आणि वाजता वाजता रचणाऱ्याचं नाव गळून पडलं.

एकोणिसाव्या शतकातल्या ‘राष्ट्रीय’ संगीताचा मोठा भाग असाच घडला. फ्रान्झ लिझ्टने आपल्या ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ बांधल्या त्या याच जिप्सी वाद्यवृंदांच्या वादनावर. १८५९ मध्ये त्याने एक पुस्तकच लिहिलं आणि त्यात हे संगीत मुळात जिप्सींचंच, म्हणजे रोमा लोकांचंच, आहे असा दावा केला. हंगेरीत त्यावरून गदारोळ उठला. ज्या संगीताला आपण राष्ट्राचा आवाज म्हणतो ते परक्यांचं, हे ऐकून घ्यायला कोण तयार होणार?

या वादात पुढे उतरलेला माणूस म्हणजे हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक. राष्ट्रवादी संगीतकार आणि लोकसंगीत हा सगळा प्रश्न त्याच्या एकट्याच्या कामातून जितका स्वच्छ दिसतो तितका दुसऱ्या कुणाच्या कामातून दिसत नाही, असं मला वाटतं. कारण त्याने लोकसंगीत नुसतं वापरलं नाही. ते खरं कशावरून, हे तपासायची पद्धतही त्याने उभी केली. पुढे अभ्यासकांनी प्रश्न विचारले ते त्या पद्धतीलाच.

१९०४ च्या उन्हाळ्यात बार्टोक उत्तर हंगेरीतल्या एका खेड्यात (आता ते स्लोव्हाकियात आहे) राहत होता. तिथे लिडी डोशा नावाच्या तरुण दाईला त्याने मुलापाशी गाताना ऐकलं. ती ट्रान्सिल्व्हेनियातली, म्हणजे तेव्हाच्या हंगेरीच्या पूर्व भागातली. तिच्या चाली शहरात कधी कानावर न पडलेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्याची झोल्टान कोदाय या संगीतकाराशी गाठ पडली आणि १९०६ मध्ये दोघांनी मिळून वीस हंगेरियन लोकगीतं पियानोच्या साथीसह प्रसिद्ध केली. १९०७ मध्ये बार्टोक फोनोग्राफ घेऊन ट्रान्सिल्व्हेनियाच्या पूर्व टोकाला, चीक भागात पोहोचला. फोनोग्राफच्या मेणाच्या सिलिंडरवर दोन-चार मिनिटांचंच गाणं मावायचं. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचं, सुई मेणावर चर कोरत जायची.

चीकमध्ये त्याला जे मिळालं त्याने तो हरखून गेला. म्हाताऱ्या माणसांच्या गाण्यात पाच स्वरांची चौकट पुन्हा पुन्हा येत होती. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानी रागाचे स्वर. चाल वरून सुरू होऊन पायरीपायरीने खाली उतरायची, लय शब्दांच्या उच्चाराप्रमाणे सैल असायची. कॅफेतल्या संगीताशी याचं काही नातं नव्हतं. पुढे कोदायने या चालींचा मेळ व्होल्गाकाठच्या मारी लोकांच्या गाण्यांशी घातला. मग हे हंगेरियन लोकांनी पूर्वेकडून आणलेलं जुनं धन आहे, असं चित्र तयार झालं.

या शोधात काहीही खोटं नव्हतं. चाली खऱ्या, गाणारी माणसं खरी, सिलिंडर आजही जपलेले आहेत. प्रश्न येतो तो निवडीत. बार्टोक कुणाकडे जायचा? शक्यतो म्हाताऱ्यांकडे, त्यातही बायकांकडे, आणि गावाबाहेर फारसं न पडलेल्यांकडे. शाळा शिकलेला, शहरात राहून आलेला माणूस त्याला नको असे. १९०७ च्या एका पत्रात त्याने असा एक संवाद लिहून पाठवला आहे. तो एका बाईकडे जुनी गाणी मागतो, ती नवी आणि धार्मिक गाणी काढते. तो पुन्हा जुनी मागतो, ती पुन्हा भलतंच काही म्हणते, आणि शेवटी त्याचा धीर सुटतो. पत्र विनोदी आहे, पण अभ्यासकाने त्याकडे वेगळ्या नजरेने पाहावं. त्या बाईच्या गाण्यात स्तोत्रं, शहरी गाणी आणि जुन्या चाली एकत्र नांदत होत्या. तिच्यासाठी ते सगळं एकच भांडार होतं. ‘जुनं’ आणि ‘बाहेरचं’ अशी फाळणी बार्टोकने केली.

१९२४ मध्ये त्याने हंगेरियन लोकगीतावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चाली तीन वर्गांत मांडल्या होत्या: जुनी शैली, नवी शैली आणि उरलेलं मिश्र. नवी शैली एकोणिसाव्या शतकातली आहे, हे त्याने स्वतःच नोंदवलं. सगळ्यात मोठा वर्ग भरला तो तिसरा, मिश्र चालींचा. म्हणजे ज्या जुन्या शैलीवर ‘अस्सल हंगेरियन’ ही कल्पना उभी होती तिचा वाटा खेड्यातल्या एकूण गाण्यांत लहान होता. हे त्याच्याच नोंदींतून दिसतं, आणि त्याने ते लपवलं नाही. म्हणूनच त्याचं काम आजही तपासता येतं.

आता एक रचना जवळून पाहू. ‘रोमानियन लोकनृत्यं’ ही सहा लहान तुकड्यांची पियानोची मालिका बार्टोकने १९१५ मध्ये लिहिली. सगळी मिळून जेमतेम पाच-सहा मिनिटांची. चाली ट्रान्सिल्व्हेनिया आणि आसपासच्या भागातल्या रोमानियन खेड्यांतून आधीच्या काही वर्षांत गोळा केलेल्या. तेव्हा तो सगळा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता, म्हणून मूळ नावात ‘हंगेरीतली’ असा शब्द होता. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या त्रियानोंच्या तहाने तो भाग रोमानियाकडे गेला आणि नावातून तो शब्द निघाला. चालीत एक स्वरही बदलला नाही, पण ती कुठली हे मात्र बदललं.

पहिलं नृत्य काठीचं. ते बार्टोकने ऐकलं मेझोसाबाद गावात दोन जिप्सी वादकांकडून. एक व्हायोलिनवर चाल वाजवत होता, दुसरा तीन तारांच्या व्हायोलावर साथ करत होता. या व्हायोलाची घोडी सपाट असते, त्यामुळे गज तिन्ही तारांवर एकदम फिरतो आणि स्वरसंघ उमटतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या नृत्याच्या चाली बासरीवाल्याकडून मिळाल्या. तिसऱ्यात एक ठळक स्वरांतर ऐकू येतं, आपल्या भैरवातल्या कोमल रिषभ आणि शुद्ध गंधारात असतं तसं. युरोपात लिझ्टपासून हेच अंतर ‘जिप्सी’ खूण म्हणून ओळखलं जात होतं, आणि इथे ते खेड्यातल्या बासरीवर होतं. चौथी चाल पुन्हा जिप्सी व्हायोलिनवादकाची.

लोकसंगीताचा झरा शेतकऱ्यात आणि जिप्सी वाद्यवृंद म्हणजे शहरी गढूळपणा, ही विभागणी या सहा तुकड्यांतच टिकत नाही. १९३१ च्या एका लेखात बार्टोकने लिझ्टचा दावा खोडला. लोक ज्याला जिप्सी संगीत म्हणतात ते बहुतांशी सुशिक्षित हंगेरियन लोकांनी रचलेलं आहे, जिप्सी ते वाजवतात एवढंच, असं त्याचं म्हणणं होतं. शहरी गाण्यांबाबत ते बरोबरच आहे. केलर बेलाची गोष्ट तेच सांगते. पण जिप्सी वादक चाल बिघडवतात, असा सूरही त्याच्या लिखाणात होता. ज्यूली ब्राउन आणि लिन हूकर यांसारख्या अभ्यासकांनी नेमकं इथे बोट ठेवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरीत जिप्सींविषयी आणि शहरी मिश्र संस्कृतीविषयी जी नाराजी होती तिची छाया ‘शुद्ध शेतकरी संगीत’ या कल्पनेवर पडली होती, असं त्या दाखवतात. माझ्या मते हा आक्षेप योग्य आहे. मात्र त्यावरून बार्टोकचं सगळं संकलन बनावट ठरवणं अन्यायाचं होईल. सिलिंडरवरचा आवाज आणि त्याभोवती रचलेली कहाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय चाल जशीच्या तशी घेतली तरी रचना संगीतकाराचीच होते. या नृत्यांत बार्टोकने चाली जवळपास मूळच्याच ठेवल्या, पण पियानोच्या डाव्या हातातले स्वरसंघ त्याचे स्वतःचे आहेत. मैफिलीत ‘रोमानियन’ रंग म्हणून जे ऐकू येतं त्याचा मोठा भाग या साथीतून येतो. जर्मन अभ्यासक कार्ल डालहाउस यांनी याच अंगाने आणखी पुढचा मुद्दा मांडला होता. सतत धरलेला आधारस्वर, रिकामे पंचम, तीव्र मध्यम या खुणा कधी पोलिश, कधी स्कँडिनेव्हियन, तर कधी आणखी कुठल्या देशाच्या म्हणून ऐकल्या जातात. म्हणजे राष्ट्रीयता केवळ स्वरांत नसते. ऐकणारा समाज काय मान्य करतो यावरही ती ठरते.

बार्टोकला याची किंमत मोजावी लागली. रोमानियन लोकसंगीतावरच्या त्याच्या लेखावरून १९२० मध्ये बुडापेस्टमध्ये त्याच्या देशभक्तीवर शंका घेतली गेली. १९३० च्या दशकात रोमानियन बाजूने उलट आरोप आला की तो त्यांच्या संगीतावर हंगेरियन प्रभाव लादतो. दोन्हीकडच्यांना आपापली शुद्ध चाल हवी होती आणि त्याच्याजवळची सामग्री दोघांनाही ती देत नव्हती. १९४२ मध्ये, अमेरिकेत निर्वासित असताना, त्याने संगीतातल्या वंशशुद्धीवर एक छोटा लेख लिहिला. पूर्व युरोपातल्या चाली एका लोकांकडून दुसऱ्यांकडे जातात, बदलतात, परत येतात, आणि हे मिश्रण हितकारकच आहे, असं त्यात त्याने स्पष्ट म्हटलं. पस्तीस वर्षांपूर्वी चीकमध्ये पुरातन चाल शोधणाऱ्या तरुणाने बहुधा असं लिहिलं नसतं. हिटलरच्या काळात ‘शुद्धता’ या शब्दाचा अर्थ काय झाला होता, हे त्याला दिसत होतं. पण या निष्कर्षाची सामग्री त्याच्याच वह्यांत आधीपासून साठत गेली होती.

पुढे लास्लो लायता या संकलकाने १९४० च्या सुमारास ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेक गावी तिथल्या वाद्यवृंदाचं संगीत नोंदवलं, तेही साथीच्या वाद्यांसकट. १९७२ पासून बुडापेस्टमध्ये ‘तांत्सहाझ’ म्हणजे लोकनृत्याच्या मैफिली सुरू झाल्या, तेव्हा तरुण वादकांनी सेक आणि शेजारच्या गावांतल्या वादकांकडे जाऊन वादन शिकून घेतलं. त्या गावांतले बरेचसे उत्तम वादक रोमा होते.